सातव्या वर्षाची रेघ: चिंचोके, सरबत आणि एका प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२४

प्रकल्पाचा विषय आज मार्गदर्शक बाईंनी मान्य केला, पण एक अट घालून. मी आणलेल्या आराखड्यात मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी सांगितलेल्या चारही अवस्था होत्या आणि प्रत्येक अवस्थेवरील आक्षेपांचा आढावा होता. बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "एवढं सगळं घेतलंस तर प्रत्येक गोष्टीला नुसता हात लागेल. एकच सीमारेषा निवड आणि तिच्याजवळ बसून बघ."

मी सातव्या वर्षाची रेघ निवडली आहे. अध्यापक अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आणि वर्गांतल्या भिंतींवर जो तक्ता दिसतो, त्यात जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदक-कारक, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक आणि अकराच्या पुढे औपचारिक क्रियात्मक असे चार रकाने असतात. त्यातली सातची रेघ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांच्या मधोमध पडते आणि "हे या वयात कळणारच नाही" हे वाक्य शिक्षक बहुतेक वेळा तिच्याच आधाराने उच्चारतात.

त्या रेघेची कसोटी म्हणून पियाजे यांनी जे प्रयोग वापरले, त्यांत अक्षयतेचे प्रयोग मुख्य आहेत. वस्तूचे रूप, मांडणी किंवा भांडे बदलले तरी तिचे प्रमाण बदलत नाही हे मुलाला उमगणे म्हणजे अक्षयता. १९४१ साली पियाजे आणि अलिना शेमिन्स्का यांनी मुलांतील संख्याकल्पनेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात अंडी आणि अंडी ठेवण्याच्या वाट्या, फुले आणि फुलदाण्या अशा साध्या वस्तू घेऊन मुलांशी केलेली संभाषणे आहेत. मी त्यांतले दोनच प्रयोग करणार आहे, एक संख्येचा आणि एक द्रवाचा. कोथरूडमधील एका बालवाडीने आणि तिच्याच आवारातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांनी त्यासाठी परवानगी दिली आहे. पालकांची संमती घेतली आहे आणि मुलांची नावे या वहीत कोठेही लिहिली जाणार नाहीत.

२२ जून

साहित्याची जमवाजमव झाली. द्रवाच्या प्रयोगासाठी तुळशीबागेत तीन दुकाने फिरल्यावर अगदी सारखे दोन काचेचे पेले मिळाले आणि त्यांच्यापेक्षा उंच पण निमुळता असा तिसरा मिळाला. पेले पारदर्शक असणे आवश्यक होते. घरची स्टीलची फुलपात्रे वापरली असती तर मुलाला आतली पातळी दिसलीच नसती, आणि पातळी दिसल्याशिवाय उंच पेल्यात जास्त आहे असे म्हणण्याचा मोह निर्माणच होत नाही.

संख्येच्या प्रयोगासाठी चिंचोके घेतले. एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या, दोन चिंचोक्यांत तीन सेंटिमीटर अंतर ठेवायचे, म्हणजे रांग सुमारे पंधरा सेंटिमीटर होते. दोन्हीकडे सारखेच आहेत असे मुलाने स्वतः कबूल केल्यावर त्याच्यादेखत एका रांगेतले अंतर सहा सेंटिमीटर करायचे, म्हणजे ती रांग तीस सेंटिमीटर लांब होते, आणि मग पुन्हा विचारायचे. सहा हा आकडा विचार करून ठरवला आहे. तीन किंवा चार वस्तू लहान मूलही न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखते, त्यामुळे तेथे बरोबर उत्तर आले तरी ते नजरेने दिले की समजुतीने, हे सांगता येत नाही. दहा-बारा घेतले तर मोजण्यातच चुका होतात आणि चूक कशाची ते कळत नाही.

४ जुलै

आज पहिल्या फेरीत बालवाडीतली मुले घेतली. एका मुलीची नोंद सविस्तर करतो, कारण माझ्या प्रश्नातला दोष तिच्यामुळेच उघडा पडला. तिचे वय पाच वर्षे चार महिने. तिने पिवळ्या रिबिनी बांधल्या होत्या, म्हणून वहीत तिला तेच नाव देतो. सारख्या मांडलेल्या दोन रांगा पाहून तिने लगेच "सारखे" असे सांगितले. मी एक रांग पसरवली आणि विचारले, "आता दोन्हीकडे सारखे आहेत का?" ती म्हणाली, "नाही." मी विचारले, "का बरं?" तिने पसरलेल्या रांगेच्या टोकाच्या चिंचोक्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे असे लांब लांब बसलेत ना, आणि हे जवळ जवळ."

पियाजे यांच्या पद्धतीने पाहिले तर हे पूर्वक्रियात्मक अवस्थेतले नमुनेदार उत्तर आहे. मुलीचे लक्ष रांगेच्या लांबीवर खिळले आणि चिंचोक्यांमधली वाढलेली जागा तिने हिशेबात धरली नाही. परंतु तिचे वाक्य मी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की तिने "जास्त" हा शब्द उच्चारलाच नव्हता. मराठीत "सारखे" या शब्दाचे दोन अर्थ आहेत, संख्येने तितकेच आणि दिसायला एकसारखे. दोन रांगा दिसायला एकसारख्या राहिल्या नव्हत्या, म्हणून तिने "नाही" म्हटले, आणि त्या अर्थाने तिचे उत्तर चोख बरोबर होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी तिला पुन्हा बोलावले आणि प्रश्न बदलला. एक रांग तिची आणि एक तिच्या मैत्रिणीची, असे ठरवले आणि विचारले, "तुझ्याकडे जास्त चिंचोके आहेत, हिच्याकडे जास्त आहेत, की दोघींकडे तेवढेच?" या वेळी तिने पसरलेल्या रांगेकडे बोट करून स्पष्टपणे "हिच्याकडे जास्त" असे सांगितले. म्हणजे केवळ शब्दाने घोटाळा केला होता असे म्हणता येत नाही. पण सकाळचे उत्तर आणि दुपारचे उत्तर वहीत एकाच खुणेने लिहिले असते तर ती नोंद खोटी ठरली असती. उद्यापासून "सारखे" हा शब्द फक्त सुरुवातीच्या मांडणीच्या वेळी वापरायचा, मुख्य प्रश्नात "जास्त" आणि "तेवढेच" हेच शब्द ठेवायचे.

११ जुलै

पालकांच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण काल रात्री ऐकले. माझा आवाज ऐकून मी अस्वस्थ झालो. रांग पसरवून झाल्यावर प्रत्येक मुलाला मी "बरं, आता सांग" असे म्हटले आहे आणि "आता" वर नकळत जोर दिला आहे. मोठ्या माणसाने मुलासमोर मुद्दाम काहीतरी बदलले, क्षणभर थांबला आणि "आता सांग" म्हणाला, तर आधीचे उत्तर बदलायचे आहे असाच त्याचा अर्थ होतो. घरी-शाळेत मुलाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा कधी विचारला जातो? पहिले उत्तर चुकले असेल तेव्हा.

हा आक्षेप नवा नाही. १९७४ साली सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी सहा वर्षांच्या मुलांबरोबर हाच प्रयोग केला, पण काही मुलांना सुरुवातीचा प्रश्न न विचारता मांडणी बदलल्यानंतरचा एकच प्रश्न विचारला. त्या मुलांच्या चुका कमी झाल्या. पुढे १९८४ साली ज्युडिथ सॅम्युएल आणि पीटर ब्रायंट यांनी पाच ते आठ वर्षांची बरीच मुले घेऊन संख्या, माती आणि द्रव या तिन्हींसाठी हे पुन्हा तपासले आणि एका प्रश्नाने उत्तरे सुधारतात हेच त्यांना आढळले.

त्यांच्या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग मात्र उद्धृत करताना बहुतेक वेळा गळतो आणि मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. एक प्रश्न विचारला काय किंवा दोन, मोठी मुले लहान मुलांपेक्षा सरसच ठरली. प्रश्नाची पद्धत सुधारल्यावर रेघ खाली सरकली, पण वयाचा परिणाम पुसला गेला नाही. "पियाजे चुकले, मुलांना सगळे आधीच कळते" असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा आधार देत नाही, आणि "सातच्या आत कळत नाही" असे म्हणणाऱ्यांनाही देत नाही.

आजपासून निम्म्या मुलांना एकच प्रश्न विचारतो आहे आणि "आता" हा शब्द वर्ज्य केला आहे. वाटले होते त्यापेक्षा हे अवघड आहे, कारण तो शब्द माझ्या तोंडी फार बसलेला आहे. म्हणून प्रश्न पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला आहे आणि तसाच वाचतो.

२६ जुलै

काल मुसळधार पावसामुळे बालवाडी बंद होती. आज मुले कमी आली, पण माकडाचा प्रयोग होऊन गेला.

त्यामागचा विचार असा. जेम्स मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ साली स्कॉटलंडमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर संख्येचा प्रयोग केला, तेव्हा रांग मोठ्या माणसाने न पसरवता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने "चुकून" विस्कटली. माणसाने मुद्दाम पसरवलेल्या रांगेच्या वेळी फार थोड्या मुलांनी बरोबर उत्तर दिले, आणि अस्वलाने विस्कटल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी. डोनाल्डसन यांचे म्हणणे असे होते की मूल नुसते शब्द ऐकत नाही, समोरच्या माणसाच्या मनात काय असावे याचाही अर्थ लावते. माणसाने मुद्दाम लांबी बदलली तर प्रश्न लांबीचाच असणार असे त्याला वाटते. अस्वलाच्या खोडीत तसा हेतू नसतो, म्हणून प्रश्न संख्येचाच राहतो.

माझ्याकडे हाताच्या पंज्यावर चढवायचे कापडी माकड आहे. ते पिशवीतून उडी मारून पुठ्ठ्यावर येते, एक रांग विस्कटते, मी त्याला रागावून पिशवीत कोंबतो आणि लिहिलेला प्रश्न वाचतो. पिवळ्या रिबिनीची मुलगी आज आली होती. माकड पिशवीत गेल्यावर ती हसत म्हणाली, "तेवढेच आहेत. त्याने नुसते पसरलेत." तीन आठवड्यांपूर्वी तिनेच "हिच्याकडे जास्त" असे सांगितले होते.

हे ऐकून मला झालेला आनंद मी वहीत लिहितो, कारण पुढे जे घडले त्याची त्याच्याशी तुलना करायची आहे. मार्गदर्शक बाईंनी मला आधीच सावध केले होते की बरोबर उत्तर आले म्हणून मुलाने विचार केलाच असे धरू नकोस, माकडाला एकदा खरोखर चिंचोका उचलायला लाव. १९८६ साली ख्रिस मूर आणि डग्लस फ्राय यांनी डोनाल्डसन यांच्या प्रयोगावर हीच शंका घेतली होती. अस्वलाने नुसती रांग विस्कटली नाही, तर प्रत्यक्ष संख्येत बदल केला, तेव्हाही मुले "तेवढेच" म्हणण्याकडे झुकली. म्हणजे अस्वलाच्या गमतीत मुलांचे लक्ष रांगेवरून उडाले असावे आणि त्यांनी जुनेच उत्तर पुन्हा सांगितले असावे, अशी शक्यता उरते.

मी तसेच केले. माकडाने रांग विस्कटता विस्कटता एक चिंचोका तोंडात धरून नेला. पिवळ्या रिबिनीच्या मुलीने तो लगेच पाहिला आणि "ए, त्याने एक खाल्ला! हिच्याकडे कमी झाले!" असे ओरडली. तिचे आधीचे "तेवढेच" समजुतीचे होते असे आता बरेच खात्रीने म्हणता येते. पण तिच्यानंतर आलेल्या, तिच्याहून काही महिन्यांनी लहान असलेल्या मुलाने चिंचोका गेल्यावरही "तेवढेच" असेच सांगितले आणि तो सगळा वेळ पिशवीकडे पाहत होता. दोन्ही मुलांनी पहिल्या वेळी एकच उत्तर दिले होते. दुसरी खेप केली नसती तर दोघांनाही "अक्षयता समजते" या रकान्यात टाकून मी मोकळा झालो असतो. यापुढे ज्या मुलाबरोबर माकड वापरायचे, त्याच्याबरोबर उचलण्याची खेप घ्यायचीच.

१३ ऑगस्ट

द्रवाचा प्रयोग सुरू केला. पाण्यात कोकम आगळ घालून सरबत केले, दोन सारख्या पेल्यांत प्रत्येकी दीडशे मिलिलिटर मोजून घातले आणि त्यातल्या एकातले मुलासमोर उंच, निमुळत्या पेल्यात ओतले. प्रश्न असा ठेवला: "हे तू प्यायलास आणि हे मी प्यायलो, तर तुला जास्त मिळेल, मला जास्त मिळेल, की दोघांना तेवढंच?" प्यायचे आहे म्हटल्यावर मुले फार गंभीर होतात.

पियाजे यांना नुसत्या "तेवढंच" वर समाधान नव्हते. ते कारण विचारत, आणि त्या कारणात त्यांना तीनपैकी एखादा विचार हवा असे. आज तिन्ही ऐकायला मिळाले. सहा वर्षे दहा महिन्यांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही वरून काही घातलं नाही, काढलं पण नाही." दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "हा उंच आहे, पण बारीक आहे ना." तिसऱ्याने कारण सांगितलेच नाही, उंच पेल्यातले सरबत पुन्हा पहिल्या पेल्यात ओतून दाखवले आणि माझ्याकडे पाहिले. परत ओतले तर पहिल्यासारखे होते, ही मनातली उलट वाट हाच पियाजे यांच्या दृष्टीने मूर्त क्रियात्मक अवस्थेचा गाभा आहे. मुलाने ती मनात चालायच्या ऐवजी हाताने चालून दाखवली, तर तिची नोंद कोठे करावी याचा मी अजून निर्णय केलेला नाही.

टीकाकारांच्या एका पिढीने प्रयोग सोपे करताना कारणे विचारणे सोडून दिले. त्यामुळे "चार वर्षांच्या मुलाला येते" आणि "सात वर्षांच्या मुलाला येते" ही दोन विधाने कित्येकदा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल असतात. एक बरोबर निवडीबद्दल असते, दुसरे समर्थनासह दिलेल्या उत्तराबद्दल. वयाच्या भांडणातला बराच भाग येथेच विरघळतो असे माझे मत झाले आहे.

आज एक गोष्ट जवळून पाहिली. सात वर्षे आठ महिन्यांचा, म्हणजे तक्त्याप्रमाणे रेघेच्या पलीकडचा मुलगा "यात जास्त आहे, कारण हे उंच आहे" असे ठामपणे म्हणाला. पण बोलताना त्याचा उजवा हात उंच पेल्याशी आवळून अरुंद झाला आणि मग दुसऱ्या पेल्याकडे जाताना पंजा रुंद उघडला. तोंडाने तो उंचीबद्दल बोलत होता आणि हाताने रुंदीबद्दल. ब्रेकिनरिज चर्च आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी १९८६ साली अक्षयतेच्या प्रयोगांतच हे दाखवून दिले होते की ज्या मुलांचे बोलणे आणि हातवारे जुळत नाहीत, ती मुले शिकवल्यावर इतरांपेक्षा अधिक फायदा करून घेतात. हात जणू जिभेच्या पुढे चाललेला असतो. या मुलाच्या नावापुढे "नाही" एवढेच लिहिणे बरोबर होणार नाही. त्याच्या रकान्यात "वाटेवर" असे लिहिले आहे, जरी तसा रकाना तक्त्यात नाही.

२९ ऑगस्ट

गणपती आठवड्यावर आले आहेत आणि बालवाडीत शाडूच्या मातीचे गोळे वाटले गेले आहेत. ही संधी सोडू नये असे ताईंनी सुचवले, म्हणून योजनेत नसलेला मातीचा प्रयोग केला: दोन सारखे गोळे, त्यातल्या एकाची लांब वळी करायची आणि कशात माती जास्त ते विचारायचे.

यामागे मेक्सिकोतल्या एका अभ्यासाचा संदर्भ होता. डग्लस प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली तिथल्या कुंभारांच्या आणि कुंभार नसलेल्या घरांतल्या मुलांची तुलना केली. मातीच्या अक्षयतेत कुंभारांची मुले सरस होती, कारण गोळा, सुरई आणि थाळी एकाच मातीची होताना ती रोज पाहत होती. सातची रेघ जर केवळ आतून उमलणाऱ्या वाढीने आखली गेली असती, तर घरातल्या धंद्याने ती हलली नसती.

पुण्याच्या कुंभारवाड्यात जाऊन असेच करून पाहावे असे मला फार वाटले, पण बाईंनी थांबवले आणि त्यांचे बरोबर होते. तिथली दहा मुले आणि इथली दहा मुले यांची तुलना करायची तर वय, शाळा, घरची भाषा हे सगळे जुळवावे लागेल, आणि ते माझ्या हातच्या वेळेत होणार नाही.

आजच्या मातीच्या प्रयोगात मात्र एक गोष्ट पुन्हा दिसली, जी पियाजे यांनी स्वतःच सांगितली होती. चिंचोक्यांत "तेवढेच" म्हणणाऱ्या मुलांपैकी काही जण वळीपाशी अडखळले. संख्या आधी उमगते, माती आणि द्रव त्यानंतर, वजन आणखी दोनेक वर्षांनी, आणि वस्तूने पाण्यात व्यापलेली जागा तर अकरा-बाराच्या सुमारास. या अंतराला त्यांनी "देकालाज" म्हटले. नाव दिले, पण मनाची एकच तार्किक रचना सातव्या वर्षी तयार होत असेल तर ती एकाच वेळी सगळीकडे का लागू होत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या नावात नाही. वयाच्या आकड्यावरील आक्षेपापेक्षा हा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. आकडा पाचवर आणता येईल, सहावर आणता येईल, पण एकच मूल एकाच आठवड्यात चिंचोक्यांत रेघेच्या पलीकडे आणि शाडूत अलीकडे असेल, तर रेघ मुलाच्या मनात आहे असे म्हणणेच कठीण होते.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर जुन्या मुलांची फेरतपासणी केली. पिवळ्या रिबिनीची मुलगी आता पाच वर्षे सहा महिन्यांची आहे. माकड आणले नाही, रांग मीच पसरवली. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "तेवढेच." दुसऱ्या खेपेला, दहा मिनिटांनी, आठ-आठ चिंचोके घेतले तेव्हा "हे जास्त." तिसऱ्या खेपेला तिने उत्तर देण्याआधी ओठ हलवत दोन्ही रांगा मोजल्या आणि "आठ, आठ" असे सांगितले. एका सकाळी, एकाच पुठ्ठ्यावर, तीन वाटा: समजुतीने, लांबी पाहून, मोजून.

रॉबर्ट सीगलर यांनी १९९५ साली पाच वर्षांच्या मुलांबरोबर संख्येच्या अक्षयतेवर बरीच सत्रे घेऊन नेमके हेच टिपले होते. मुलाकडे एका वेळी अनेक रीती असतात, चांगली रीत सापडल्यावरही जुनी सुटत नाही, फक्त तिचा वापर हळूहळू कमी होतो. त्यांनी विकासाला पायऱ्यांऐवजी एकमेकींवर चढणाऱ्या लाटांची उपमा दिली. मला त्यांच्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष वर्गात अधिक उपयोगी वाटतो. उत्तर बरोबर की चूक एवढेच ज्यांना सांगितले, त्यांच्यापेक्षा "मी तेवढेच म्हणालो, ते मला कशावरून कळलं असेल?" असे ज्यांना विचारले, ती मुले अधिक पुढे गेली.

मुलीला मी हाच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने पसरलेली रांग दोन्ही हातांनी दाबून आखूड केली, पुन्हा पसरवली आणि म्हणाली, "तुम्ही हे असं बघितलं असेल."

मुलांची वये लिहिताना एक खबरदारी घेतली. शाळेच्या नोंदवहीवर विसंबून न राहता जन्मदाखल्यावरून महिने मोजले. आमच्या आजोबा-आजींच्या पिढीतल्या कित्येकांचा वाढदिवस शाळेत नाव घालताना १ जून असा लिहून टाकलेला आहे, तेव्हा कागदावरच्या वयाकडे संशयाने पाहण्याची सवय मला घरातूनच लागली. या मुलांचे दाखले चोख निघाले. पण सहा महिन्यांच्या फरकावर जिथे निष्कर्ष काढायचा, तिथे हे पाहणे भागच होते.

२७ सप्टेंबर

अहवालाचा कच्चा खर्डा बाईंना दिला. त्यात "पियाजे यांनी ठरवलेल्या वयोमर्यादा चुकीच्या ठरल्या" असे एक वाक्य होते. बाईंनी त्याखाली रेघ ओढून विचारले, "त्यांनी ठरवल्या होत्या का?"

पुन्हा वाचल्यावर वाक्य बदलावे लागले. पियाजे यांचा आग्रह अवस्थांच्या क्रमावर होता. वये त्यांनी जिनिव्हातल्या मुलांवरून सरासरी म्हणून दिली होती, आणि मार्टिनिक बेटावरची मुले याच प्रयोगांत काही वर्षे मागे असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. १९७२ साली तर औपचारिक विचाराबद्दल त्यांनी मान्य केले की तो पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान आणि ज्याच्या-त्याच्या कामाच्या क्षेत्रात येत असावा. ओर्लांदो लोरेन्सो आणि आर्मांदो माशादो यांनी १९९६ साली पियाजे यांच्या बाजूने केलेल्या मांडणीतही हाच मुद्दा आहे की वय हे त्यांच्या लेखी अवस्थेची खूण होते, कसोटी नव्हे. आकड्यांची काटेकोर भिंत पाठ्यपुस्तकांनी आणि तक्त्यांनी उभी केली. टीकाकारांचे अनेक बाण त्या भिंतीवर बसले आहेत, पियाजे यांच्यावर नाही.

तरी त्यांना पूर्ण मोकळे सोडता येत नाही, असे मी बाईंना सांगितले आणि खर्ड्यात तसे लिहिले आहे. क्रमाचा दावा तपासायचा तर मूल कोणत्या अवस्थेत आहे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवणारे उत्तर प्रश्नातल्या एका शब्दाने, पसरवणाऱ्या हाताने आणि चिंचोक्यांच्या संख्येने बदलते हे मी या तीन महिन्यांत प्रत्यक्ष पाहिले आहे. माझी मुले थोडी आहेत आणि एकाच आवारातली आहेत, त्यामुळे सातची रेघ किती सरकवावी हे मी सांगू शकत नाही, आणि अहवालात कोणताही नवा आकडा सुचवलेला नाही.

परिशिष्टातला तक्ता बदलला आहे. त्यात वयाचा रकाना नाही. प्रत्येक मुलापुढे साहित्य, प्रश्नाचे नेमके शब्द, रांग कोणी हलवली, उत्तर, कारण आणि हातवारे असे सहा रकाने आहेत, आणि त्याच मुलाची पुढची खेप त्याच्याच खालच्या ओळीत आहे. बालवाडीच्या ताईंनी तो पाहून विचारले की पिवळ्या रिबिनीच्या मुलीच्या सात ओळी का आहेत. जानेवारीत आठवी भरायची आहे, त्या वेळी सरबत घेऊन येईन असे त्यांना सांगून ठेवले आहे.